30 सप्टेंबरच्या आधीचं 31 मार्च

वाचकाची प्रतिक्रिया: “फॉर्म व्ही भरायला एवढा तामझाम कशाला? टप्पे, इशारे, जोडलेली कामं… हे मोठ्या कंपन्यांचे चोचले. आमचं सातपूरला चाळीस माणसांचं युनिट आहे. मी मोबाइलवर 15 सप्टेंबरचा गजर लावतो आणि 28 ला भरून टाकतो. आणि इतके इशारे लावले की पुढे कुणी बघतही नाही, हा माझा अनुभव.”

नमस्कार. फॉर्म व्ही, म्हणजे कारखान्यानं प्रदूषण मंडळाला दर वर्षी द्यायचं पर्यावरणाचं स्टेटमेंट, टप्पे आणि इशारे लावून भरा, असं मी लिहिलं होतं; त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. तुमचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. मीही एका वर्षी सतरा इशारे लावले होते आणि ऑगस्टपर्यंत सगळे जण ते न वाचताच पुसून टाकत होते. त्याकडे शेवटी येतो. गजराबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, कारण ते मी किंमत मोजून शिकलोय.

काही वर्षांपूर्वी मी अंबडच्या एका प्लेटिंग युनिटचं पर्यावरणाचं काम बघत होतो. गजर तुमच्यासारखाच, सप्टेंबरच्या मध्याला. तो वाजल्यावर कागद काढले. भाग ‘सी’मध्ये सोडलेल्या सांडपाण्यातल्या घटकांचं प्रमाण आणि ते मर्यादेपासून किती टक्के इकडेतिकडे आहे, हे लिहायचं असतं. मंडळानं आम्हाला दिलेल्या परवानगीत, म्हणजे कन्सेंटमध्ये, दर तिमाहीला सांडपाण्याचा नमुना लॅबकडून तपासायची अट होती. तीन रिपोर्ट मिळाले, चौथा मिळेना. लॅबला फोन केला तर ते म्हणाले, तुमच्याकडून नमुनाच आलेला नाही. मग ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, रजिस्टर उघडलं. मार्चच्या पानावर निळ्या पेनानं ऑपरेटरनं लिहून ठेवलं होतं: “सॅम्पल नाही, पंप बंद. लॅबवाले परत गेले.” खाली सही, तारीख, सगळं व्यवस्थित. बिचाऱ्यानं त्याचं काम केलं होतं. ते पान सहा महिने कुणी वाचलं नाही, एवढंच.

हे स्टेटमेंट 31 मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचं असतं आणि 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण मंडळाकडे द्यायचं असतं. जानेवारी–मार्चचं पाणी सप्टेंबरमध्ये कुठून आणणार? म्हणजे फॉर्मची मुदत 30 सप्टेंबर असली, तरी त्यातल्या एका कामाची मुदत 31 मार्चलाच संपलेली असते. आम्ही ती तिमाही रिकामी दाखवली, सोबत खुलाशाचं पत्र जोडलं आणि पुढे बरेच दिवस त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं देत बसलो. 15 सप्टेंबरच्या गजराचा इथे काहीच उपयोग नव्हता. 15 ऑगस्टचा लावला असता तरी नसता.

दुसरी कडी 30 जूनची. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म 4, त्या दिवसापर्यंत जातं. तिथे वर्षभरात किती स्लज, म्हणजे ईटीपीतला गाळ, तयार झाला, किती पाठवला आणि वर्षअखेर किती शिल्लक राहिला, असे वेगवेगळे आकडे द्यायचे असतात. फॉर्म व्हीच्या भाग ‘डी’मध्ये तयार झालेला आकडा हवा असतो. गडबड इथेच होते. समजा 29 मार्चला फिल्टर प्रेसमधून 400 किलो स्लज निघाला आणि गाडी गेली 10 एप्रिलला. स्लज ठेवायला नव्वद दिवस मिळतात, तेव्हा त्यात चूक काहीच नाही. पण घाईत माणूस मॅनिफेस्टवरच्या, म्हणजे गाडीसोबत जाणाऱ्या कागदांवरच्या, वजनांची बेरीज करतो आणि तीच ‘तयार झाला’ म्हणून लिहितो. मग एका कागदात ते 400 किलो असतात, दुसऱ्यात नसतात. म्हणून फॉर्म 4 हा माझ्या एक्सेलच्या तक्त्यात फॉर्म व्हीचाच एक टप्पा आहे. ‘विवरण भरलं’ एवढ्यावर तो पूर्ण होत नाही. ‘रजिस्टर आणि मॅनिफेस्ट यांचा ताळा जुळला’ असं झालं, तरच मी खूण करतो. ‘काम चालू आहे’, ‘ऐंशी टक्के झालं’ असला टप्पा मी ठेवतच नाही. कागद हातात आहे किंवा नाही.

आता 2026 चंच उदाहरण घेऊ. गणपती 14 सप्टेंबरला बसतात आणि अनंत चतुर्दशी 25 ला आहे. शिवाय टॅक्स ऑडिटची मुदतही 30 सप्टेंबरच, म्हणजे उत्पादनाचे आणि कच्च्या मालाचे आकडे देणारी अकाउंट्सची माणसं त्याच दिवसांत ऑडिटरसमोर बसलेली असणार. म्हणून मी फॉर्म चढवायचा दिवस 11 सप्टेंबर, शुक्रवार धरला आणि तिथून मागे मोजत गेलो. मालकांच्या सहीला कामाचे पाच दिवस, संकलन आणि तपासणीला दहा, अकाउंट्सला पंधरा. आमची सुट्टी शनिवारची, म्हणून सूत्रात 17:

```
=WORKDAY.INTL(DATE(2026,9,11),-5,17)
```

उत्तर येतं 6 सप्टेंबर. त्याच सेलवरून आणखी दहा दिवस मागे गेलं की 25 ऑगस्ट, तिथून पंधरा मागे 7 ऑगस्ट. रविवारची सुट्टी असेल तर 17 च्या जागी 11 घाला, आणि चौथ्या जागी सणांच्या सुट्ट्यांची यादी दिलीत तर तारखा आणखी मागे सरकतील. म्हणजे अकाउंट्सकडे आकडे मागायची शेवटची तारीख सात ऑगस्ट. तुमचा गजर तेव्हा अजून पाच आठवडे लांब असतो.

काम सुरू झालं की हाच हिशोब मी पुढच्या दिशेनं चालवतो, खऱ्या तारखा घालत. इथे एक पथ्य पाळा. 30 सप्टेंबर ही तारीख एका सेलमध्ये हातानं लिहा आणि तिला कशालाच जोडू नका. ‘फॉर्म कधी जाईल’ ही तारीख मात्र सूत्रातूनच येऊ द्या, हातानं कधीच लिहू नका. आज त्या दोघींत 19 दिवसांचं अंतर आहे. उद्या अकाउंट्सचा माणूस रजेवर गेला आणि आकडे दहा दिवस उशिरा आले, तर अंदाजाची तारीख आपोआप गणपतीत जाऊन पडेल आणि ते ऑगस्टमध्येच दिसेल. बरेच जण शेवटच्या कामावरच 30 सप्टेंबर ठोकून बसवतात. मग मागची कामं घसरली तरी शेवटची ओळ जागची हलत नाही आणि वरवर बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं.

आता तुमच्या इशाऱ्यांच्या मुद्द्याकडे. सतरावरून मी तीनवर आलो. माझी कसोटी एकच: त्या तारखेला गडबड कळली तर दुसरा उपाय करायला वेळ उरतो का? उरत नसेल तर तो इशारा नव्हे, दवंडी आहे. पहिला 1 फेब्रुवारीला, ईटीपी ऑपरेटरच्या नावानं: तिमाहीचा नमुना गेला का? नसेल तर पंप दुरुस्त करून लॅबला पुन्हा बोलवायला दोन महिने हातात असतात. दुसरा 1 जूनला, स्टोअरच्या नावानं, स्लजच्या ताळ्यासाठी. तिसरा 24 जुलैला, अकाउंट्सच्या नावानं, 7 ऑगस्टच्या दोन आठवडे आधी; कारण तिथे माणूस बदलला असेल तर नव्याला समजावायला तेवढा वेळ लागतोच. प्रत्येक इशारा एकाच माणसाला जातो आणि त्यात एकच प्रश्न असतो, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. तेव्हापासून कुणी न वाचता पुसलेलं मला आठवत नाही.

चाळीस माणसांच्या युनिटला याहून जास्त काही लागत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तक्ता सात ओळींचा आहे, सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. फक्त दर वर्षी सण नव्यानं घाला. 2027 मध्ये गणपती 4 सप्टेंबरलाच आहेत आणि ऑगस्ट-सप्टेंबरात नाशकात सिंहस्थाची स्नानं. त्या दिवसांत लॅबची गाडी सातपूरपर्यंत कधी पोचेल याचा भरवसा मी तरी धरणार नाही, त्यामुळे त्या वर्षी जुलै–सप्टेंबर तिमाहीचा नमुना मी जुलैतच उरकणार आहे.

तुम्ही 28 ला भरता, आणि आजवर निभावलंय, यात शंका नाही. एकदा एवढं करा: ईटीपीचं रजिस्टर मागवा, जानेवारी ते मार्चची पानं उलटा आणि लॅबच्या रिपोर्टवरची नमुना घेतल्याची तारीख त्या पानांशी ताडून पाहा. जुळली नाही तर इथेच लिहा, खुलाशाच्या पत्राचा मसुदा मी पाठवतो.