तुम्हीही!

गेल्या पावसाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. लातुरातच. पाठीत सुई देऊन कंबरेखालचं अंग बधिर केलेलं, त्यामुळं वरचा भाग पूर्ण शुद्धीत आणि जरा जास्तच सावध. डोक्यावरचा मोठा दिवा लागला. हिरव्या टोपीतले डॉक्टर माझ्यावर वाकले आणि प्रेमानं म्हणाले, "सर, घाबरू नका."

मी म्हणालो, "तुम्हीही."

खोली गप्प झाली. भुलीचे डॉक्टर खोकल्यासारखं काहीतरी हसले. नर्सबाईंनी ट्रेमधली कात्री उगाच इकडची तिकडं ठेवली. ज्यांच्या हातात सुरी होती त्यांनाच मी धीर देऊन बसलो होतो. डॉक्टर भला माणूस. "बरं," म्हणाले आणि कामाला लागले.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं आहे. टेबलावर आडवा पडल्या पडल्या मी ते वाक्य तपासलं आणि व्याकरणाचा अर्धा मार्कही कापता येईना. तिथंच तर गोम आहे. 'तुम्हीही' या शब्दाच्या पदरात स्वतःचं असं काही नसतं. क्रियापद नाही, काळ नाही, काही नाही. समोरच्यानं आत्ता जे वाक्य टाकलं तेच तो उचलतो, त्यातल्या माणसांची अदलाबदल करतो आणि परत देतो. डॉक्टर म्हणाले तुम्ही घाबरू नका, मी म्हणालो तुम्हीही घाबरू नका. ते वाक्य त्या माणसाला शोभतं का, हे बघायचं काम त्या शब्दाचं नाही. ते माझं होतं, आणि मी ते केलं नाही.

का केलं नाही, याचा छडा मला पुढं पुतण्यामुळं लागला. तो कॉलेजात भाषाशास्त्र शिकवतो. त्यानं सांगितलं, की २००९ साली काही अभ्यासकांनी जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधली रोजची बोलणी मोजली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. उलट, समोर चित्र दाखवून नाव विचारलं, तर एक साधा शब्द डोक्यातून तोंडापर्यंत यायला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हिशोब सरळ आहे. दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकून मग उत्तर जुळवायला बसलो, तर आपण दरवेळी उशिरा पोचू. म्हणून समोरचा अर्ध्या वाक्यात असतानाच तो काय म्हणणार याचा अंदाज बांधून आपण उत्तर तयार ठेवतो. ऑपरेशनच्या आधी आठ दिवस भेटेल तो मला "काळजी घ्या" म्हणत होता आणि मी "तुम्हीही" म्हणत होतो. डॉक्टर "सर, घा" इतकंच म्हणाले असतील, तेवढ्यात माझं 'तुम्हीही' चपला घालून उंबऱ्यावर उभं होतं.

इंग्रजीवाल्यांचं एक बरं आहे. शुभेच्छा आल्या तरी 'यू टू', काळजी घ्यायला सांगितलं तरी 'यू टू'. आपल्याकडं प्रत्येक वेळी विभक्ती बघावी लागते. "दिवाळीच्या शुभेच्छा!" याला "तुम्हालाही". "काळजी घ्या" याला "तुम्हीही". "अभिनंदन!" याला "तुमचंही". म्हणजे परत पाठवण्यापूर्वी मूळ वाक्यात तो माणूस कोणत्या रूपात बसला होता ते आठवायचं, आणि तेही सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात. वर तू की तुम्ही, हे वेगळंच.

दिवाळीत मेव्हणीचा फोन आला. रेंज अशी की शेवटचं अक्षर तेवढं ऐकू यायचं. "...घ्या, भाऊजी!"

"तुम्हालाही!" मी.

"आमाला काय?"

तिनं काळजी घ्यायला सांगितलं होतं. मी शुभेच्छा धरून चाललो होतो. तिला वाटलं, मी यंदा साडी पाठवतोय.

'सेम टू यू' आपल्या खेड्यापाड्यांत इतकं का रुजलं, याचं कारण मला त्या दिवशी कळलं. त्याला विभक्ती लागत नाही, आदर-अनादर लागत नाही, बाई-बाप्या लागत नाही. माझ्या गावातले म्हातारे मात्र अजून "तुमालाबी" आणि "तुमीबी" यांत चुकत नाहीत. त्यांच्यापैकी कोणीही माझ्या वर्गात बसलेला नव्हता, हे इथं नमूद करतो.

या 'बी'वरून एक आठवलं. चौथीतली दोन पोरं भांडत माझ्याकडं आली. एकानं दुसऱ्याला गाढव म्हटलं होतं आणि दुसऱ्यानं ताडकन "तूबी!" असं उत्तर दिलं होतं. पहिला खुशीत होता. "सर, ह्यो सोताच म्हनला, मी हाय म्हून!" पोराचं खरं होतं. 'तूबी' म्हणजे मी तर आहेच, शिवाय तू. तिथं 'तूच' पाहिजे होतं. शब्दयोगी 'ही' आणि 'च' यांतला फरक मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल, पण वर्गाला तो त्या दिवशी कळला, आणि मग महिनाभर सगळी शाळा एकमेकांना 'तूच' म्हणत फिरली.

त्यापेक्षा आपला राम राम बरा. "राम राम" म्हटलं की "राम राम", "जय भीम" म्हटलं की "जय भीम". आलं तसं अख्खं परत, मोडतोड नाही. पानपट्टीवाल्या चाचांचं "सलाम आलेकुम" तेवढं उलटं होऊन परत जातं, "वालेकुम सलाम". त्यातला सुरुवातीचा 'व' म्हणजे 'आणि', असं चाचांनीच मला सांगितलं. मास्तर, कुणी आधी सलाम केल्याशिवाय 'आणि' कुठून म्हणायचं?

हे सगळं कळूनही मी माती खाल्ली ती धन्यवादात.

आमच्या घरात धन्यवाद नव्हतंच. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि पहिल्या सुट्टीत आल्यावर भाकरी वाढणाऱ्या आजीला "थँक यू" म्हणाली. आई तवा तसाच ठेवून तिच्याकडं बघत राहिली. "कामून गं? उद्यापासून जेवनार न्हाईस का?" जिथं आभारच मानत नाहीत तिथं आभाराला ठरलेलं उत्तर कुठून असणार? फार तर "असू द्या", "त्यात काय", नाहीतर नुसतं "बरं बरं". पण निवृत्तीनंतर मी व्हॉट्सॲपवर आलो आणि तिथं दर दोन मिनिटांना धन्यवाद. मास्तर माणूस "बरं बरं" लिहील होय? मी 'वेलकम'चं शुद्ध मराठी केलं आणि सगळ्यांना पाठवू लागलो: आपले स्वागत आहे.

आता, 'वेलकम'ला इंग्रजीत दोन नोकऱ्या आहेत, दारातली आणि आभारानंतरची. 'स्वागत आहे'ला मराठीत एकच आहे. ते गावाच्या कमानीवर असतं, लग्नाच्या मांडवावर असतं. ते ऐकून माणूस आत येतो.

मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या थोरल्या बहिणीचे व्याही गावाकडं असतात, भला मोठा गोतावळा. मी त्यांना सोयाबीनच्या भावाचा फोटो पाठवला होता. रात्री साडेनऊला त्यांचा निरोप आला: "भाव कळला. धन्यवाद." मी चष्मा लावला आणि एका बोटानं टाईप करायला लागलो. 'स्वा' सापडायलाच वेळ गेला. तेवढ्यात त्यांचा दुसरा निरोप येऊन पडला, तो मी पाहिला नाही. मी पाठवायचा बाण दाबला आणि झोपलो. सकाळी फोनवर जे दिसत होतं, ते असं:

"भाव कळला. धन्यवाद."
"उद्या येळवस. आमच्या शेतात औंदा काहीच न्हाई. तुमच्याकडं यावं म्हणतो सगळे."
"आपले स्वागत आहे."

माझं उत्तर पहिल्या ओळीचं होतं, पण जाऊन बसलं दुसरीखाली. आणि अशा उत्तराचा अर्थ ते कुणासाठी निघालं यावर नसतो, कुणाच्या मागं जाऊन उभं राहिलं यावर असतो. समोरासमोर असतो तर ते "धन्यवाद" म्हणून थांबले असते, मी "त्यात काय" म्हणालो असतो आणि मगच पुढचा विषय निघाला असता. फोनवर दोघंही एकाच वेळी बोलतात आणि रांग फोन लावतो. निरोपावर बोट सरकवलं की नेमका तोच निरोप वर चिकटतो आणि त्यालाच उत्तर जातं, ही सोय नेमकी याचसाठी केलेली आहे. ती मला मुलीनं नंतर दाखवली.

लातूर, धाराशिवकडं येळवस म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. मार्गशीर्ष अमावास्येला शहर ओस पडतं आणि सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि जेवायचं. भज्जी, आंबील, उंडे, धपाटे, गव्हाची खीर. आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. यातलं सगळं आमच्या हिनं आदल्या रात्री आठ माणसांच्या हिशोबानं केलं होतं.

अकराच्या सुमाराला बांधावरून एक जीप आणि मागं ट्रॅक्टर आला. मी मोजले, सतरा. हिनं माझ्याकडं पाहिलं. मी पांडवांकडं पाहिलं.

हिनं जे केलं त्याला तोड नाही. आंबिलीत घागरभर ताक आणि पाणी गेलं. शेजारच्या कोपीतून टोपलंभर उंडे आले. भज्जी मात्र वाढत नाही, तिला शेंगाचे दाणे, वालाचे दाणे, हरभऱ्याचा पाला असं कायकाय लागतं. म्हणून ती पळीऐवजी चमच्यानं वाढली गेली आणि मी चवीपुरती घेतली. पाव्हणे पोटभर जेवले. झाडाखाली झोपले. पोरांनी आमचा हरभरा सोलून खाल्ला.

दिवस कलल्यावर सगळे निघाले. ट्रॅक्टर सुरू झाला, त्याचा आवाज म्हणजे काय सांगावं. व्याही चाकाच्या वरच्या पत्र्यावर चढून बसले आणि हात हलवत मोठ्यांदा ओरडले, "पाव्हणं, लई आनंद झाला बगा! पुढच्या येळवशीला समदे आमच्याकडं या!"

मी हात जोडले.

"तुम्हीही!" म्हणालो.

कोपीत परात आपटल्याचा आवाज आला. ट्रॅक्टरवरून उत्तर आलं, "येतो की!"