शेवटच्या हप्त्यानंतर घराचे कागद आपोआप हातात येत नाहीत

«शेवटचा हप्ता गेला की कर्ज संपलं. ॲपवर खातं बंद दिसलं की तीच एनओसी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० दिवसांत घराचे मूळ कागद बँक स्वतः आणून देते. नाही दिले तर रोज ५,००० रुपये आपोआप खात्यात जमा होतात. अर्ज नको, फेऱ्या नकोत. सगळ्यांना पाठवा.»

हा मेसेज मला आतापर्यंत चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. त्यातला ३० दिवसांचा आणि ५,००० रुपयांचा नियम खरा आहे. रिझर्व्ह बँकेने तो १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढला आणि १ डिसेंबर २०२३ पासून लागू केला. त्या खऱ्या नियमाभोवती जे रचलंय, ते मात्र लोकांना नुकसानीत घालणारं आहे. मी अनेक वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात काम केलं आणि दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या फ्लॅटचे कागद सोडवताना काउंटरच्या पलीकडच्या बाजूलाही उभा राहिलो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा हप्त्याचा. हप्ता हा ठरलेल्या दराने आधी काढलेला आकडा असतो. मधल्या वर्षांत व्याजदर बदलला, एखादा हप्ता परत गेला, त्यावर दंड लागला, तर हप्ते संपले तरी खात्यावर थोडी रक्कम उरते. शिवाय टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेतलं असेल किंवा कर्जासोबतच्या विम्याचा हप्ता बँकेने कर्जाऊ दिला असेल, तर त्यांचे खाते क्रमांक वेगळे असतात. मुख्य खातं शून्यावर येतं, पण त्याच घरावर उभं असलेलं दुसरं खातं चालूच राहतं. बहिणीचा शेवटचा हप्ता ५ जून २०२४ ला गेला. २० तारखेला शाखेत चौकशी केली तेव्हा २,३१० रुपये बाकी निघाले, २०२१ मध्ये परत गेलेल्या एका हप्त्याचे आणि त्यावर साचलेल्या व्याजाचे. तिने २१ जूनला ते भरले आणि खातं त्या दिवशी बंद झालं. ३० दिवस मोजायचे ते २१ जूनपासून, ५ जूनपासून नाही. चौकशी केली नसती तर ती घरी बसून दिवस मोजत राहिली असती आणि बँकेच्या हिशोबाने मोजणी सुरूच झाली नसती.

त्यामुळे शेवटच्या हप्त्याच्या आधीच शाखेकडून कर्ज बंद करण्याची नेमकी रक्कम लेखी मागा. त्यात आपल्या नावावरची, त्या घराशी जोडलेली सगळी खाती आहेत ना, ते पाहा. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. त्या पत्रात तसा आकडा दिसला तर तिथेच विचारा.

ॲपवरच्या नोंदीबद्दल थोडक्यात सांगतो. ती बँकेच्या खातेवहीतली स्थिती आहे, कुणाला दाखवायचं पत्र नाही. घर विकताना खरेदीदाराचा वकील किंवा त्याची बँक जी एनओसी, म्हणजे बेबाकी प्रमाणपत्र, पाहते ते लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं पत्र असतं. त्यात कर्जाचे सगळे खाते क्रमांक, घराचं पूर्ण वर्णन, खातं बंद झाल्याची तारीख, काहीही येणं बाकी नाही आणि घरावरचा बोजा सोडला आहे, असं स्पष्ट हवं. फक्त ‘कर्ज बंद झाले’ एवढंच लिहिलेलं पत्र दिलं तर ते परत करून पूर्ण पत्र मागा. एक प्रत सोसायटीच्या नावाने वेगळी घ्या, कारण कर्जाच्या वेळी बँकेने सोसायटीकडूनही पत्र घेतलेलं असतं आणि सोसायटीच्या दप्तरात बोजाची नोंद असते.

आता कागद स्वतःहून मिळण्याचा मुद्दा. यातच सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून इथे जरा थांबतो. कागद घरी पोचवण्याची सक्ती नियमात नाही. कर्ज जिथे चालत होतं ती शाखा, किंवा बँकेचं ज्या कार्यालयात कागद आहेत ते कार्यालय, यांतून कुठून घ्यायचे हे कर्जदाराने निवडायचं असतं. बहुतेक मोठ्या बँकांचे कागद शाखेत नसतातच, दूरच्या एखाद्या मध्यवर्ती साठ्यात असतात आणि शाखेने मागणी नोंदवल्यावर तिथून येतात. तुम्ही काहीच कळवलं नाहीत, तर ती मागणी कुणाच्या तरी टेबलावर पडून राहते. आणि बँकेने ‘कागद तयार आहेत, घेऊन जा’ असं कळवलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर पुढचा उशीर बँकेचा धरला जात नाही.

म्हणून खातं बंद झालं त्याच दिवशी अर्ज द्या. बहिणीचा अर्ज असा होता:

«माझे गृहकर्ज खाते क्रमांक … दि. २१/०६/२०२४ रोजी पूर्ण फेडून बंद झाले आहे. कर्जाच्या वेळी जमा केलेले, सोबतच्या यादीतील ११ मूळ दस्तऐवज मला याच शाखेतून परत मिळावेत. बेबाकी प्रमाणपत्र द्यावे, सोसायटीच्या नावे वेगळे पत्र द्यावे आणि घरावरील बोजाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदणीमधून कमी करून तसे कळवावे. तारण म्हणून घेतलेले न वापरलेले धनादेश परत करावेत.»

दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतली. तोच मजकूर शाखेच्या ईमेलवरही पाठवला. हा शिक्का नसेल तर पुढे भरपाई मागताना हातात काही उरत नाही.

अर्जातली ती ११ कागदांची यादी आली कुठून? कर्ज मंजूर होताना कागद जमा करून घेतल्याची यादी बँक देते. बँकेत तिला एलओडी म्हणतात. फ्लॅट असेल तर त्यात नोंदणीकृत खरेदीखत, नोंदणीची पावती, इंडेक्स दोन, आधीच्या मालकांचे करार, ताबापत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असे कागद असतात. ही यादी हरवली असेल तर कर्ज बंद करण्याआधीच तिची प्रत मागून घ्या. कर्ज संपल्यावर कोणता कागद दिला होता यावर वाद झाला, तर निकाल हीच यादी देते.

१७ जुलैला, म्हणजे मुदतीच्या आतच, बहिणीला बोलावलं. पाकीट उघडून एकेक पान यादीशी ताडलं तर १० कागद निघाले, शेअर सर्टिफिकेट नव्हतं. अधिकारी म्हणाले, “मॅडम, पोच सही करून द्या, उरलेला कागद आला की फोन करतो.” पोचपावतीवर छापलं होतं: ‘सर्व दस्तऐवज सुस्थितीत मिळाले.’ बहिणीने ती ओळ खोडली, हाताने लिहिलं ‘१० दस्तऐवज मिळाले, शेअर सर्टिफिकेट मिळालेले नाही’, मग सही केली आणि त्या पानाची झेरॉक्स घेतली. तिच्या पुढच्या सगळ्या मागण्या त्या एका ओळीवर उभ्या राहिल्या.

कागद हरवला तर नियम वेगळा आहे. बँकेने दुय्यम किंवा प्रमाणित प्रत मिळवायला मदत करायची, खर्च स्वतः करायचा, आणि त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. म्हणजे भरपाईची मोजणी ६० दिवसांनंतर सुरू होते. मेसेजमध्ये हे कुठेच नाही. बहिणीच्या बाबतीत ६० दिवस २० ऑगस्टला संपले. कागद हरवल्याचं पत्र बँकेने सोसायटीला पाठवलं ते १२ ऑगस्टला. त्यानंतर पोलिसांत नोंद, वृत्तपत्रात जाहीर नोटीस, इंडेम्निटी बाँड हे सोपस्कार झाले. दुय्यम सर्टिफिकेट ३० ऑगस्टला हातात आलं. २१ ते ३० ऑगस्ट हे १० दिवस, ५,००० रुपयांप्रमाणे ५०,००० रुपये.

ते आपोआप जमा झाले नाहीत. बँकेने आधी कळवलं की उशीर सोसायटीमुळे झाला. नियमात भरपाई बँकेमुळे झालेल्या उशिराचीच आहे, त्यामुळे हा बचाव बँका नेहमी पुढे करतात. आम्ही उत्तरात तारखा मांडल्या: कागद नसल्याचं १७ जुलैला लेखी कळलं, तरी सोसायटीला पत्र जायला २६ दिवस लागले. बँकेच्या तक्रार निवारण कक्षाने ३० दिवसांत समाधान केलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते आणि त्याला शुल्क नाही. आमची तक्रार तिथे गेल्यावर पैसे जमा झाले. उशीर ३० दिवसांपलीकडे गेला तर त्याची कारणं कर्जदाराला कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ते कारणाचं पत्र आवर्जून मागा, कारण तक्रारीत तेच कामी येतं.

कागद हातात आले तरी एक काम राहतं, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. घर तारण असल्याची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदणीत असते. परतफेडीनंतर ३० दिवसांत ती कमी करून घेणं बँकेचं काम आहे आणि तिथल्या उशिरालाही तीच रोज ५,००० रुपयांची भरपाई आहे. ती नोंद तशीच राहिली तर नव्या खरेदीदाराची बँक कर्ज देताना अडते. सेरसाईच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून कुणालाही शोध घेता येतो, तेव्हा दीड महिन्याने एकदा पाहून घ्या. जमीन किंवा प्लॉट असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा लिहिलेला असतो. तो बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून कमी करावा लागतो, कर्ज संपलं म्हणून पुसला जात नाही. क्रेडिट रिपोर्टवर खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय ना, तेही पाहा. तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलं असेल तर कागद परत मिळतात, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असं राहतं आणि पुढच्या कर्जाला ते नडतं.

शेवटी हा नियम कुणाला लागत नाही ते. तो बँका, नागरी सहकारी बँका, गृहवित्त कंपन्या अशा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्थांना आहे, आणि घर, शिक्षण, वाहन अशा वैयक्तिक कर्जांसाठी आहे. दुकान किंवा कारखान्यासाठी काढलेल्या व्यवसायाच्या कर्जाला तो लागू होत नाही. पतसंस्थाही त्यात येत नाहीत, त्यांच्यावर सहकार खात्याचं नियंत्रण असतं. तिथे ५,००० रुपयांचा हिशोब मांडून भांडण्यात वेळ घालवू नका. शिक्का घेतलेला अर्ज आणि कागदांची यादी घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे तक्रार द्या.