बाँड आहे हे कधी सांगायचं?

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या शेजाऱ्यांचा मुलगा कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत होता. गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी रात्री साडेनऊला दारात आला. चाकणच्या कंपनीचा फोन आलेला, 1 ऑक्टोबरला जॉइन व्हाल का म्हणून. हा "हो" म्हणायच्या बेतात. मी विचारलं, "जुन्या कंपनीचा बाँड?"

"आहे ओ काका. पण आत्ता सांगितलं तर ऑफरच जाईल की."

मी बावीस वर्षं पर्सोनेलला काढली, हे वाक्य शेकड्यानं ऐकलंय. म्हटलं, आधी कागद आण.

कागद असा होता. 1 जुलै 2023 पासून तीन वर्षं नोकरी, मधेच सोडल्यास 1,80,000 रुपये, हा बाँड. नोटीस दोन महिने. आणि शेवटच्या पानावर, सोडल्यावर एक वर्ष त्याच धंद्यातल्या कंपनीत काम करायचं नाही. पोरगं त्या शेवटच्या कलमानं घाबरलं होतं. खरं तर तिन्हींत त्याचाच जोर सगळ्यात कमी. करार कायद्याचं कलम 27 म्हणतं की धंदा-नोकरी करण्यावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, आणि नोकरी सुटल्यानंतरच्या अशा बंदीला आपली कोर्टं सहसा उभं करत नाहीत. गुपित पाळायची अट मात्र वेगळी. त्याला बजावलं, पेनड्राइव्हवर एकही ड्रॉइंग घरी आणू नकोस.

बाँडचं तसं नाही. "बाँडला काही अर्थ नसतो, बिनधास्त सोड" असं छातीठोक सांगणारे फेसबुकवर पोत्यानं आहेत. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख हा बाँड वैध धरला. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च हा मुद्दा तिथं मोठा होता, त्यामुळं कुपवाडच्या वर्कशॉपला तो निकाल जसाच्या तसा लागेल असं मी म्हणणार नाही. पण बाँड म्हणजे नुसती रद्दी नव्हे, एवढं त्यातून कळतं. दुसरीकडं, बाँड दाखवून कुणी तुम्हाला जबरदस्तीनं कामावर ठेवू शकत नाही. प्रश्न पैशाचा असतो. आणि कलम 74 प्रमाणं कागदावरचा आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई.

म्हणजे जॉइनिंगची तारीख कशानं हलते? नोटिशीनं आणि जुन्या कंपनीनं मोकळं केल्याच्या रिलीव्हिंग लेटरनं. बाँडची रक्कम ठरेपर्यंत जुनी कंपनी ते लेटर अडवून धरते, तिथं दिवस जातात.

मग आधी सांगायचं कशाला? ऑफरबरोबर बहुतेक ठिकाणी एक डिक्लेरेशन येतं, "मी आधीच्या मालकाच्या कुठल्याही कराराला बांधील नाही." तिथं डोळे झाकून सही केलीत आणि पुढं व्हेरिफिकेशनमध्ये बाँड निघाला, की तो तुमचा खोटेपणा ठरतो. बाँडमुळं ऑफर गेलेली मी क्वचित पाहिली. लपवल्यामुळं गेलेल्या दोन तर माझ्याच हातून गेल्यात.

त्याच रात्री आमच्या डायनिंग टेबलावर त्यानं मेल लिहिली. पहिल्या मसुद्यात तीन वेळा "सॉरी" होतं, ते काढायला लावलं. उरलं ते एवढंच: माझा सर्व्हिस बाँड 30 जून 2026 पर्यंत आहे, नोटीस दोन महिन्यांची आहे, सोबत दोन्ही पानं जोडली आहेत, हिशोब मी स्वतः मिटवतोय. 1 सप्टेंबरला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस 31 ऑक्टोबर, रिलीव्हिंगला आठवडा धरून 10 नोव्हेंबरला हजर होईन. तुमचा लेखी होकार आल्यावरच राजीनामा देतो.

दोन दिवस उत्तर नाही. त्याच्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी ऑफर लेटर आलं, 10 नोव्हेंबरच्या तारखेचं. बाँडचे पैसे मात्र आम्ही देणार नाही म्हणाले. काही कंपन्या देतात, पण ते पगारात धरून टीडीएस कापतात आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात, म्हणजे दुसरा बाँडच तो.

जुन्या मालकांनी आधी पूर्ण 1,80,000 मागितले. यानं हिशोब मांडला: छत्तीस महिन्यांचे एक ऐंशी म्हणजे महिन्याला पाच हजार, उरले आठ महिने, चाळीस हजार. कंपनीनं त्याला मोजणीच्या मशीनचं अकरा दिवसांचं ट्रेनिंग पुण्यात दिलं होतं, राहण्या-जेवणासकट. तेव्हा चाळीस हजार मला अन्यायाचे वाटले नाहीत, शेजारच्या वैनींना अजून वाटतात. फुल अँड फायनलच्या हिशोबातून कापले, आणि "बाँडपोटी काही येणं नाही" ही ओळ रिलीव्हिंग लेटरात मागून घेतली. ती ओळ विसरू नका, नाहीतर सहा महिन्यांनी वकिलाची नोटीस येते.

लेटर 7 नोव्हेंबरला संध्याकाळी हातात पडलं. डिक्लेरेशनच्या त्या ओळीवर त्यानं काट मारून "29 ऑगस्टची मेल पाहावी" असं लिहिलं आणि सोमवारी चाकणला हजर झाला.