अपुरं तिकीट: विचारायचं की परत क्यूमध्ये टाकायचं?

"गेट पास निघत नाही. अर्जंट."

सपोर्ट डेस्कवर असं तिकीट रोज येतं. कुठलं गेट, कुठला पीसी, स्क्रीनवर काय दिसतंय, काहीच लिहिलेलं नसतं. मग कुणी "कृपया अधिक माहिती द्या" एवढं पाठवून तिकीट On Hold करून टाकतो, तर कुणी "माहिती अपुरी" असा शेरा मारून परत क्यूमध्ये ढकलतो. या दोन्ही सवयींची मला मनापासून चीड आहे. तिकडे कुणाचं तरी काम खोळंबलेलं असतं आणि इकडे तिकीट फक्त फिरत असतं.

माझं मत सांगतो. माहिती कमी आहे हे कळल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: जे मला माहीत नाही, ते कुणाला माहीत आहे? ते मलाच लॉगमध्ये, जुन्या तिकिटांत किंवा रिमोटवर सापडणार असेल तर ना विचारायचं, ना परत टाकायचं, शोधायचं. ते तिथे मशीनसमोर बसलेल्या माणसालाच दिसत असेल तर त्याला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत तिकीट आपल्याच नावावर ठेवायचं. पण पुढचं काम आपल्या हातातलंच नसेल तर कितीही विचारून उपयोग नाही. तेव्हाच सोडायचं.

वरचं तिकीट बुटीबोरीच्या एका कारखान्यातलं. "पास निघत नाही" वाचून ते आधी प्रिंटरवाल्यांकडे गेलं. त्यांनी रिमोटवरून टेस्ट पेज काढलं, ते नीट निघालं, आणि "प्रिंटर ठीक" लिहून तिकीट परत. तोवर वजनकाट्यावर ट्रकांची रांग लागलेली. आमच्याकडे आल्यावर जुनी तिकिटं पाहिली, तर त्या गेटवर पास वजनाशी जोडलेला आहे हे कळलं: वजन आल्याशिवाय सॉफ्टवेअर पास सेव्हच करू देत नाही. म्हणजे विचारायचं होतं ते एवढंच, वजन कुठवर पोहोचतंय? तिकीट लिहिणारे साहेब ऑफिसात होते, त्यांनी काटा पाहिलेलाच नव्हता. म्हणून त्यांच्याकडून काट्यावरच्या ऑपरेटरचा नंबर घेतला आणि विचारलं, "दादा, काट्याच्या डब्यावर आकडा दिसतो का? आणि तोच कॉम्प्युटरवर दिसतो का?"

"डब्यावर तर येऊन राहिला भाऊ, कॉम्प्युटरवर शून्यच दिसते."

या उत्तराने शंका एकाच जागी आली. काटा ठीक, प्रिंटर ठीक, बिघाड मधल्या जोडणीत. तिथे इंडिकेटरची, म्हणजे त्या आकडा दाखवणाऱ्या डब्याची, सिरीयल केबल यूएसबी कन्व्हर्टरमधून पीसीला जाते. कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला की विंडोज त्याला बऱ्याचदा नवा पोर्ट नंबर देतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो COM5 दिसत होता आणि सॉफ्टवेअर अजून COM3 वर वाट पाहत होतं. सेटिंगमध्ये नंबर बदलला आणि वजन आलं. टेबल पुसताना कुणीतरी वायर काढून शेजारच्या सॉकेटमध्ये लावली होती, हे नंतर कळलं.

आता समजा ऑपरेटर म्हणाला असता, "डब्यावरही काही येत नाही." मग बिघाड इंडिकेटरचा, त्याच्या वीजपुरवठ्याचा किंवा वजन मोजणाऱ्या लोड सेलकडच्या केबलचा. अशा वेळी नागपुरात मिहानमधल्या आमच्या डेस्कवर बसून आणखी प्रश्न विचारणं म्हणजे वेळ खाणं. ते तिकीट त्याच क्षणी काटा दुरुस्त करणाऱ्यांकडे जायला हवं. आपल्याला बिघाडाचं नेमकं कारण कळलेलं नसलं तरी चालेल, कुणी हात लावायचा हे कळलं की पुरे.

मात्र सोडताना हात झटकून सोडायचं नाही. Work notes मध्ये असं काहीतरी हवंच: "प्रिंटर तपासला, टेस्ट पेज निघालं. ऑपरेटरशी फोनवर बोललो. इंडिकेटर कोरा, पीसीवर शून्य. जागेवर जाऊन पाहावं लागेल. ऑपरेटरचा नंबर खाली." शिफ्ट संपली आणि उत्तर आलंच नाही तरी हेच: काय विचारलं, कुणाला, कधी, हे लिहून तिकीट क्यूमध्ये ठेवायचं. नाहीतर रात्रीचा माणूस त्याच ऑपरेटरला तेच प्रश्न पुन्हा विचारतो.

एक गोष्ट मात्र मला सरळ अप्रामाणिक वाटते. तिकीट On Hold, कारण Awaiting Caller असं केलं की बहुतेक डेस्कवर एसएलएचं घड्याळ थांबतं. म्हणून मुदत संपत आली की काहीजण एक निरर्थक प्रश्न पाठवून देतात. ज्याच्या उत्तराने आपली पुढची कृती बदलणार नाही, तो प्रश्न पाठवू नये. टीम लीडनेही नुसती मुदत पाळली का एवढंच पाहू नये. तिकीट किती हातांतून फिरलं तो आकडा सिस्टिममध्ये असतोच. तो वर गेलेला दिसला की तिकीट उघडून, प्रत्येक हाताने मागे काय लिहून ठेवलंय ते वाचावं.