लीडर व्हायचंय? आधी टी-शर्ट छापून घ्या

सगळ्यात आधी टी-शर्ट. पाठीवर ठसठशीत अक्षरांत ‘ट्रेक लीडर’. परळला छापायला टाकलात तर दोन दिवसांत हातात. तेच उत्तरकाशीला बेसिक माउंटेनियरिंग कोर्स करायला गेलात तर जवळपास महिन्याची रजा, आणि वर पाठीवर वजन लादून चढवतात. टी-शर्टाला असली हौस नाही.

पहिला ट्रेक लोहगडच ठेवा. दादरहून लोणावळा, तिथून पुण्याच्या लोकलने मळवली. जुलैचा रविवार, माणशी ९९९ रुपये, चहा-पोहे धरून. साठ जण सहज जमतील.

गणेश दरवाज्यात पोहोचलात की घसा खाकरून इतिहास सुरू करा. लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि अशा ठिकाणी पैसे घेऊन लोकांना हिंडवून दाखवायचं तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. १९५९ च्या नियमावलीत आठव्या नियमात तसं लिहिलंय. पण तुम्ही कुठे काय दाखवताय? लोक आपापले बघताहेत, तुम्ही नुसते शेजारी उभे राहून मोठ्यांदा बोलताय. ९९९ रुपये पोह्यांचे.

एवढ्यावर कोणी अडवलंच, तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी पुढे करा. साहसी पर्यटनाचं २०२१ चं धोरण आहे ना, त्यातली. (काढली असेल तर. नसेल तर ‘अर्ज केलाय’ म्हणा.) ती नोंदणी ट्रेक भरवणाऱ्याची असते. त्यानं तुम्हाला स्मारकात गाइडगिरीची मुभा मिळत नाही, की तुम्हाला मोडलेला पाय बांधता येतो असंही सिद्ध होत नाही. पण परवाना, नोंदणी आणि प्रमाणपत्र ही तीन वेगळी कागदं आहेत हे समोरच्याला ठाऊक असतं कुठे? शिक्का दिसला की पुरे.

आता प्रथमोपचार. इथे मात्र सांभाळा, कारण या कागदाला मुदत असते. बेसिक कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर पिवळं पडलं तरी कुणी काही म्हणत नाही, पण वाइल्डरनेस फर्स्ट एडचं प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांत संपतं आणि परत वर्गात बसावं लागतं. मूळ कोर्स साधारण दोन दिवसांचा, सोळा तासांचा. शहरातला प्रथमोपचार अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत धरून ठेवायला शिकवतो. हा शिकवतो की अ‍ॅम्ब्युलन्स वर येणारच नाही, तेव्हा पुढचे चार तास हा माणूस तुमचा. असल्या अशुभ गोष्टी ऐकायला सोळा तास कोण बसणार?

त्यापेक्षा मी गेल्या पावसाळ्यात पाहिलं तसं करा. पायऱ्या शेवाळलेल्या, उतरणाऱ्यांची रांग थबकलेली, आणि एका मुलीचा पाय मुरगळला. लीडर सगळ्यात पुढे होता. शेवटी कोणी ठेवलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याला बातमी कळली ती रांगेतून, एकाने दुसऱ्याला सांगत, पंधरा मिनिटांनी. तोवर तिला दोघांनी बगलेत धरून उभं करून पाहिलं होतं, ‘टेकवून बघ, टेकवून बघ’ म्हणत. लीडर आला, बूट ओढून काढला, घोट्याला मलम चोळलं आणि ओढणीने करकचून बांधलं. प्रथमोपचाराची पेटी होती हो, अगदी नवी कोरी. खाली लोहगडवाडीत, टेम्पोत.

कोर्स केलेला असता तर त्याने केवढा वेळ घालवला असता! आधी विचारलं असतं, डोकं आपटलं का, मान दुखते का. मग नाडा सैल करून बोटं चाचपली असती, गरम आहेत का, स्पर्श कळतो का, हलतात का. गुंडाळलेली चटई घोट्याभोवती लावून बांधलं असतं आणि बांधल्यावर बोटं पुन्हा तपासली असती. बोटं गार पडली किंवा बधिर झाली, तर पट्टी आवळलेली आहे, सैल करा. ही दुसरी तपासणीच कोर्समध्ये घोटून घेतात. त्या मुलीनेही मध्येच सांगितलं, ‘दादा, बोटांत मुंग्या येतायत.’ दादा म्हणाले, ‘येतात, मलम काम करतंय.’

शेवटी टपरीवाल्या मावशींनी ओढणी सैल केली आणि गावातल्या दोन पोरांनी तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली नेलं. त्या दोघांकडे कसलंच प्रमाणपत्र नव्हतं, हा मुद्दा तुम्हाला वादात नक्की उपयोगी पडेल. लिहून ठेवा.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकायला विसरू नका. मळवलीच्या फलाटावर सगळे हात वर करून उभे, मागे ढग. कडेला बाकावर ती बसलेली दिसेल, एका पायात बूट, दुसऱ्याला ओढणी. तेवढं क्रॉप करा.