पाच सेकंदांचं चविष्ट

मावशीने दिवाळी फराळाचा घरगुती उद्योग काढला आणि त्याच्या व्हिडिओंसाठी मला लोगो मागितला. "ते सोनेरी अक्षर फिरत येतं ना, तसलं. पाच सेकंदांचं तर काम." नाव एकच शब्द: चविष्ट. मी ब्लेंडर हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकतोय ही बातमी माझ्या आईने सगळ्या नातेवाइकांत पोचवलेली होतीच.

ब्लेंडरमध्ये टेक्स्ट टाकलं, मुक्ता फॉन्ट लावला आणि शब्द पेस्ट केला. ब्लेंडरच्या टेक्स्टला देवनागरी जुळवता येत नाही. तो अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने फक्त शेजारी शेजारी मांडतो. त्यामुळे 'वि'ची वेलांटी व सोडून पुढच्या ष-च्या डोक्यावर जाऊन बसली, हलन्त ष-च्या पायाशी लोंबकळला आणि ट एकटा पडला. पडद्यावर दिसत होतं: चव, षि, ट. मी ते मोठ्याने वाचलं आणि ताबडतोब लॅपटॉप मिटला. कॉन्व्हेंटमधल्या भाचरांनी हे पाहिलं असतं, तर मावशीचा उद्योग नरकचतुर्दशीच्या आतच बुडाला असता.

यावर उपाय म्हणजे शब्द इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा, `Object to Path` करून अक्षरांचे नुसते आकार बनवायचे आणि एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये आणायची. तसं केलं. वेलांटी घरी परतली. पण सगळी अक्षरं `Join` करून एक केली, तर शिरोरेषेत जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे बारीक फटी दिसू लागल्या, उंदराने कुरतडल्यासारख्या. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या रेघेवर किंचित चढलेली असते आणि एकाच वस्तूतले दोन आकार जिथे एकमेकांवर येतात, तिथे ब्लेंडर भोक समजतो. परत इंकस्केप, सगळी अक्षरं निवडून `Path > Union`. शिरोरेषा अखंड झाली. एवढ्याला माझा शनिवार गेला.

रविवारी अक्षरांना जाडी आणि कडांना गोलाई द्यायची होती. जाडी म्हणजे एक्स्ट्रूड, गोलाई म्हणजे बेव्हल. मी बेव्हलचा आकडा 0.05 दिला. फार नाही वाटला. पण ब्लेंडर मोजतो मीटरमध्ये आणि एसव्हीजीतून आलेला माझा शब्द होता जेमतेम 11 सेंटिमीटर रुंद. म्हणजे मी त्याला चारी बाजूंनी 5-5 सेंटिमीटर फुगवलं! च-ची पोकळी बुजली, ष-चं पोट भरलं आणि समोर उरला तो फसलेल्या अनारशाचा गोळा. बेव्हल कडेपासून बाहेर वाढतं, हे तेव्हा कळलं. मग 0.001 वर आलो आणि `Offset`ला तेवढाच उणे आकडा दिला, म्हणजे अक्षर आधी आत आक्रसतं आणि मग फुगून मूळ मापाला येतं. डाएट करून लग्नात जेवायला जावं, तसं.

सोनं चढवलं आणि नाट्यमय वाटावं म्हणून भोवतालचं जग काळं केलं. सोनंही काळं झालं. धातूचा रंग नुसता दिसत नाही, भोवताली जे असेल ते तो आपल्या रंगाची छटा देऊन परतवतो, आणि भोवताली मी अंधार ठेवला होता. शेवटी एक लांबट एरिया लाइट घेतला आणि फ्रेम 20 ते 70 मध्ये डावीकडून उजवीकडे सरकवला. त्याची लकेर बेव्हलच्या कडांवरून धावत गेली तेव्हा मी एकटाच "वा!" म्हणालो. कडेला गोलाई नसती, तर त्या लकेरीला पकडायला काहीच नव्हतं.

कॅमेऱ्याची नजर `Track To` लावून शब्दावर खिळवली आणि त्याला शब्दाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालायला लावली. नमुना पाहून मावशी म्हणाली, "अरे, मधेच उलटं कशाला दाखवतोस? चकली मागून कोण बघतं?" बरोबर होतं. प्रदक्षिणा रद्द. कॅमेरा फक्त 25 अंश बाजूने समोर येतो आणि शेवटचा एक सेकंद, म्हणजे 24 फ्रेम, गपगुमान उभा राहतो, एवढंच ठेवलं. नाहीतर नाव वाचायचं कधी?

120 फ्रेम, प्रत्येक तयार व्हायला दीड मिनिट, एकूण तीन तास. मी सरळ एमपीफोर फाइल बनवायला लावली आणि जेवायला बसलो. 87व्या फ्रेमला वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी गेल्या पावसाळ्यापासून शोभेपुरतीच आहे. अर्धवट फाइल उघडेना. दुसऱ्या रात्री शहाणपणा करून पीएनजी चित्रं काढली, `0001.png`पासून. वीज परत गेली, पण या वेळी 64व्या फ्रेमला थांबलो तर 64 पासूनच पुढे चालू करता आलं. सकाळी सगळी चित्रं ओळीने जोडून पाच सेकंद मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले.

दहा मिनिटांनी फोन आला.

"सुंदर झालंय रे! फक्त ना, 'चविष्ट' नावाचं आणखी कुणाचं तरी निघालंय. तर आपण 'स्वादिष्ट' करू. तुला काही जड नाही, अक्षरं तीनच आहेत."