हलगी वाजली की पैसे आले

शिवाजी उद्यमनगरात ज्याचा कारखाना आहे, त्याच्या कानाला फोनची 'टिंग' ऐकू येत नाही. डाव्या हाताला दोन लेथ, उजव्या हाताला मिलिंग, मागे ग्राइंडरची किंकाळी आणि शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी कायम पत्रा ठोकत असतो. बरं, ऐकू आली तरी उपयोग काय? मेल आलं एवढंच कळतं, कुणाचं आलं ते नाही. कूलंटने माखलेला हात पुसून, चष्मा शोधून, फोन उघडून बघावं, तर चार्टर्ड अकाउंटंटकडून सणाच्या शुभेच्छा. आणि ज्या दिवशी कंटाळून बघितलं नाही, त्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीच्या क्वालिटीवाल्यांचं पत्र: तुमचे ब्रॅकेट रिजेक्ट, उद्या सकाळी माणूस पाठवा.

म्हणून ठरवलं, प्रत्येकाला वेगळा आवाज द्यायचा. पैसे आल्याचं मेल हलगीवर, क्वालिटीचं शाळेच्या घंटेवर, सीएचं कुकरच्या शिट्टीवर. घरचा मेल-पत्ता वेगळा आहे, त्यावर सोसायटीच्या पाण्याच्या सूचना येतात, त्याला मोर. आवाज निवडताना मला कोण आनंद झाला होता म्हणून सांगू! काम मात्र पुतण्याकडे दिलं. तो पुण्याला आयटीत आहे आणि दिवाळीला आला की घरातले सगळे फोन त्याच्यापुढे रांगेत ठेवले जातात.

"काका, घरचं आणि कारखान्याचं वेगळं करणं सोपं आहे," तो म्हणाला. Gmail मध्ये प्रत्येक अकाउंटच्या सूचना वेगळ्या असतात. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, अ‍ॅपच्या सूचनांचे असे कप्पे पडलेत आणि कुठल्या कप्प्याला कुठला आवाज हे अ‍ॅप नव्हे, फोनचा मालक ठरवतो. आपण एकदा आवाज लावला की अ‍ॅपला तो परस्पर बदलता येत नाही. हे ऐकून मला बरं वाटलं. कारखान्यात एवढा अधिकार मलाही नाही.

"पण माणसागणिक आवाज सरळ देता येत नाही," तो पुढे म्हणाला. Gmail च्या अ‍ॅपला माणूस ओळखता येत नाही. त्याला कळतं अकाउंट आणि कळतं लेबल. म्हणून आधी त्या माणसाच्या मेलला लेबल चिकटवायचं आणि मग लेबलला आवाज द्यायचा. चिकटवण्याचं काम करतो फिल्टर. तो फोनच्या अ‍ॅपमध्ये बनवताच येत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये Gmail उघडावं लागतं. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर लेथवरच्या बापूने देवाच्या फोटोसाठी वापरात ठेवलाय. फोटो उतरवला, उदबत्तीची राख झाडली आणि सुरुवात केली.

वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की From, Subject असे रकाने उघडतात. गिऱ्हाईक कंपनी एकच असली तरी पैसे आल्याचं कळवणारा पत्ता वेगळा आणि माल नाकारणारा वेगळा, हे आमच्या पथ्यावर पडलं. नुसतं कंपनीचं नाव टाकलं असतं तर आनंद आणि दुःख दोन्ही हलगीवरच वाजलं असतं. पैशाचा फिल्टर असा झाला (पत्ता अर्थातच नमुन्याचा):

```
from:(accounts@example.com) subject:(payment advice)
```

विषयाची अट यासाठी, की त्याच पत्त्यावरून "तुमच्या बिलात चूक आहे" असंही येतं आणि त्याला हलगी वाजवणं बरं दिसत नाही. मग Create filter, Apply the label, लेबलचं नाव 'पैसे'. असेच 'क्वालिटी' आणि 'सीए'. फिल्टर नव्याने येणाऱ्या मेललाच लागतो; जुन्यांनाही लेबल हवं असेल तर वेगळी खूण करावी लागते. मी केली नाही. जुन्या पैशांची हलगी आता कशाला?

दुसऱ्या दिवशी कंपनीकडून पैशाचं मेल आलं, त्यावर 'पैसे' असं लेबलही दिसलं, पण हलगी गप्प. पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "लेबल दिसतंय ना? मग फिल्टर चालला. अडलंय ते फोनमध्ये." आणि खरंच तसं होतं. अ‍ॅपच्या Settings मध्ये आपलं अकाउंट, तिथे Manage labels, तिथे 'पैसे'. Sync messages समोर None होतं. फोन त्या लेबलची मेलं आपणहून उतरवूनच घेत नव्हता, मग वाजवणार काय? तिथे Last 30 days केलं की खाली Label notifications ची खूण करता येते आणि मग आवाज. शेवटी Inbox च्या कप्प्याचा आवाज बंद करून टाकला. त्यात येणारी मेलं दिसतात, पण बोलत नाहीत. आमच्या घरात हा नियम बऱ्याच जणांना लागू आहे.

अजून एक खूण राहिली होती, Notify for every message. ती नसेल तर पहिलं मेल वाजतं आणि आपण ते उघडून बघेपर्यंत पुढची मुकाट्याने येऊन बसतात. ओळखायची सोपी रीत: घंटा एकदाच वाजते आणि फोन उघडावा तर आत तीन मेलं. पुतण्याने सगळ्या लेबलांना ती खूण करून दिली. तो पुण्याला गेला आणि इकडे महाभारत सुरू झालं.

पहिला बळी भाताचा. जीएसटीचं मासिक विवरण भरणाऱ्यांना महिन्याची 11 आणि 20 तारीख म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. 11 ला विक्रीचा तपशील, 20 ला कर. तारीख जवळ आली की आमचे सीए एका मेलमध्ये एकच गोष्ट लिहितात. खरेदीची बिलं पाठवा. दुसरं मेल: बँकेचं स्टेटमेंट पाठवा. तिसरं: लवकर पाठवा. रविवारी सकाळी मी आंघोळीला, फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर, गॅसवर कुकर. सीएंच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि बायकोने गॅस बंद केला. पांढऱ्या रश्श्यात कच्चा भात कालवून खाताना पाहुण्यांची तोंडं बघण्यासारखी होती. तेव्हापासून आमच्या घरात रीतसर चौकशी होते, "अहो, ही कुकरची का तुमच्या सीएची?"

हलगीचं प्रकरण आणखी वेगळं. पुतण्याने कुस्तीच्या मैदानातली हलगी चांगली मिनिटभर रेकॉर्ड करून फोनच्या Notifications फोल्डरमध्ये टाकली होती. त्या फोल्डरातली फाइल आवाजांच्या यादीत आपोआप दिसते, इथवर ठीक. पण सूचनेचा आवाज रिंगटोनसारखा नसतो. उचलायला समोर कोणी नसतं, त्यामुळे फाइल संपेपर्यंत तो वाजत राहतो. हे आम्हाला गंगावेशीत एका तेराव्याच्या जेवणाला समजलं. भटजी थांबले, घरचे थांबले, एका म्हाताऱ्याने मात्र ताल धरला. आवाजाचं बटण दाबलं की तो तिथल्या तिथे तुटतो, ही माहिती शेजारच्या पंगतीतल्या एका शाळकरी पोराने दिली. नंतर फाइल कापून चार सेकंदांची केली. ओळख पटायला तेवढी पुष्कळ होते. ग्राइंडरच्या आवाजातूनही हलगी कानावर येते, कारण तिला ठेका आहे. एकसुरी 'टिंग' त्या गदारोळात विरून जाते.

थोडक्यात, यंत्रणा उत्तम चालू लागली. घंटा झाली की मी कॅलिपर शोधायचो, शिट्टी झाली की बिलांची फाइल. आणि इथेच खरा घात होता. आवाज माझ्या एकट्याच्या कानासाठी लावले होते, पण शेडमध्ये कान मला एकट्यालाच आहेत असं थोडंच आहे? बापू आमचा जुना लेथ ऑपरेटर. त्याला कुणीही काही सांगितलं नव्हतं. घंटा वाजली की मालक क्वालिटीच्या नावाने बोटं मोडतात आणि हलगी वाजली की चहा सांगतात, एवढं बघून त्याने अख्खा तक्ता पाठ केला. नंतर तर घंटा झाली की माझ्याआधी तोच लेथ बंद करून म्हणायचा, "कुठला लॉट गेला वो मालक?"

त्यात एका दुपारी शिरोलीचे फाउंड्रीवाले पाटील आले. त्यांच्या कास्टिंगचे पैसे माझ्याकडे तटले होते, माझे गिऱ्हाईक कंपनीकडे. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. मी तो कंपनीला ऐकवतो आणि पाटील मला ऐकवतात. मी नेहमीच्या सुरात सांगत होतो, "पाटील, वरनंच काय सुटलेलं नाही. सुटलं की पहिला फोन तुम्हालाच." वाक्य पुरं होतंय तोवर टेबलावर हलगी कडाडली. मी फोनवर हात ठेवला, पण लेथच्या पलीकडून बापू ओरडला, "आलं की वो पैसं, मालक! चहा सांगू न्हवं?"

पाटील उठत होते, ते परत बसले. "सांग की रं," ते बापूला म्हणाले, "माझ्यात साखर कमी."

चेक फाडूनच ते हलले. त्या रात्री मी पुतण्याची मदत न घेता आवाजांची अदलाबदल केली. फोनच्या Settings मध्ये Gmail च्या सूचना उघडल्या की सगळे कप्पे अकाउंटप्रमाणे एकाखाली एक दिसतात, त्यामुळे पुन्हा कॉम्प्युटरवरचा देव उतरवावा लागला नाही. हलगी सीएंना दिली. घरच्या अकाउंटला मुकं केलं, कारण पाणी येणार नाही हे नळाला आधी कळतं. मोकळा झालेला मोर पैशांना. मोराचा आणि पैशाचा संबंध कोण लावणार?

पुढच्या महिन्याच्या 19 तारखेला पाटील पुन्हा समोर बसलेले असताना हलगी वाजली. त्यांचे डोळे चमकले. मी शांतपणे फोन त्यांच्यासमोर धरला. सीएंचं मेल होतं: उद्या शेवटची तारीख, कर भरून टाका.

"ही भरायची हलगी आहे, पाटील. यायची नव्हे."

पाटलांनी मेल नीट वाचलं, फोन परत दिला आणि मान वळवून लेथकडे बघितलं. "बापू, मग मालकाचं पैसं हल्ली कशावर वाजतंय रं?"

"मोरावर वो," बापू म्हणाला. "परवाच दोनदा वरडला."